एकाच संचकारपत्रात सदर, सदरहू, उक्त, उपरोक्त, मजकूर... काय ठेवायचं, काय काढायचं?

मसुदेवाली

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका वकिलांच्या ऑफिसात मसुदे करते. सध्या एका संचकारपत्रापाशी अडलेय.

हा मसुदा तिघांच्या हातातून आलाय. पहिली पानं जमीन विकणाऱ्यांच्या ओळखीच्या बाँड रायटरनी केली. मधला भाग आमच्याच जुन्या फाइलमधून उचललाय. शेवटच्या अटी घेणाऱ्याच्या पुण्याच्या वकिलांनी इंग्रजीवरून मराठी करून पाठवल्यात. त्यामुळे कागद एक आणि बोली तीन. कुठं 'सदर', कुठं 'सदरहू', पुढं गेलं की 'उक्त', मध्येच 'उपरोक्त', आणि एका जागी चक्क 'मिळकत मजकूर'.

व्यवहार असा (आकडे बदललेत). करवीर तालुक्यात दोन भावांची ८० आर जमीन आहे. त्यातला दक्षिणेकडचा २५ आर ते विकतायत. किंमत ५० लाख. संचकार ५ लाख आजच पोहोचला, १५ लाख तीन महिन्यांच्या आत, उरलेले ३० लाख खरेदीपत्राच्या वेळी. याच जमिनीचं २०१९ साली दुसऱ्या एकाला संचकारपत्र झालं होतं, ते रद्द झालं. तोही उल्लेख मसुद्यात आहे.

आता अडलेली कलमं जशीच्या तशी देते:

कलम १: "...क्षेत्र हे. ०.८० आर ही मिळकत लिहून देणार यांचे मालकी वहिवाटीची असून तिचा उल्लेख यापुढे 'सदर मिळकत' असा केला आहे."

कलम ३: "सदर मिळकतीपैकी दक्षिणेकडील हे. ०.२५ आर क्षेत्र लिहून घेणार यांना कायम खुष खरेदी देण्याचे ठरले असून सदर मिळकतीची किंमत रु. ५०,००,०००/- ठरली आहे."

कलम ६: "उक्त मिळकतीवर कोणताही बोजा नाही."

कलम ९: "ठरले मुदतीत सदर रक्कम न दिल्यास उक्त रक्कम जप्त होईल."

कलम १२: "सदर करार रद्द झाल्यास लिहून घेणार यांचा मिळकत मजकूरवर काहीही हक्क राहणार नाही."

साहेब म्हणाले, "सगळीकडे सदर करून टाक आणि मोकळी हो." शोधा-बदला मारलं की दोन मिनिटांचं काम. पण हात धजत नाही. तुम्ही काय करता?

---

रंकाळ्याचा वारा

उलट करा. सगळीकडे 'उक्त' करा. 'सदर' आणि 'मजकूर' दोन्ही अरबी-फारसीतून आलेले, शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो असल्या शब्दांना पर्याय म्हणूनच. अधिनियमांची अधिकृत मराठी बघा, तिथं 'उक्त अधिनियम', 'उक्त कलम' असंच असतं. कायद्याची भाषा 'उक्त', कचेरीची भाषा 'सदर'. करार ही कायद्याची गोष्ट, म्हणून 'उक्त'. साधा हिशेब आहे.

---

खासबाग कट्टा

माझ्या मते 'सादर' बरोबर. अर्जाच्या शेवटी "अर्ज सादर" असंच लिहितात, "अर्ज सदर" नाही. तलाठ्याकडं मी नेहमी तसंच देतो, कुणी परत केलेला नाही.

---

मसुदेवाली

@खासबाग कट्टा दादा, ते 'सादर करणे' वेगळं. इथं 'वर सांगितलेलं' या अर्थाचं 'सदर' चाललंय.

---

खासबाग कट्टा

बरं बरं. मग चालू द्या. वाचतोय.

---

बाँड रायटर अण्णा

ताई, शोधा-बदला अजिबात मारू नका. 'सदर'कडूनही नाही आणि 'उक्त'कडूनही नाही. वाऱ्यासाहेबांचं अर्धं खरं आहे. अधिनियमात 'उक्त' असतं हे बरोबर. पण तिथं 'उक्त' चालतं त्याचं कारण तो संस्कृत आहे हे नव्हे. तिथं एकदा नाव घेतलेला अधिनियम एकच असतो, दुसरा कुठला मनात यायला जागाच नसते. तुमच्या कागदात मिळकती दोन, रकमा चार आणि करार दोन आहेत. शब्द कुठलाही घाला, बोट कुठं दाखवलंय ते कळत नाही, दुखणं तिथं आहे.

तुमचं कलम ३ बघा. एकाच वाक्यात 'सदर मिळकत' दोनदा आलंय. पहिल्यांदा "सदर मिळकतीपैकी २५ आर", म्हणजे सदर मिळकत अख्खी ८० आर. पुढच्या अर्ध्या वाक्यात "सदर मिळकतीची किंमत ५० लाख". आता कलम १ मध्ये सदर मिळकत म्हणजे ८० आर असं तुम्हीच बांधून ठेवलंय. मग अक्षरशः वाचलं तर ५० लाख ही ८० आरची किंमत झाली, आणि २५ आरची किंमत कागदात कुठंच नाही. विकणाऱ्या भावांना हे कुणी वाचून दाखवलं तर चहा पण घेणार नाहीत.

कलम ६ तर त्याहून वाईट. वर 'सदर' आणि इथं एकदम 'उक्त'. वाचणारा म्हणणार, शब्द बदलला म्हणजे वस्तू बदलली असेल. मग उक्त मिळकत म्हणजे २५ आर का? तेवढ्यावरच बोजा नाही का? सात-बाराच्या इतर हक्कात सेवा सोसायटीचा बोजा आहे का ते आधी बघा. असला तर तो साधारणपणे अख्ख्या गटावर बसलेला असतो, २५ आर त्यातून आपोआप सुटत नाही. म्हणजे वाक्य ८० आरला धरून वाचलं तर खोटं, आणि २५ आरला धरून वाचलं तरी खोटंच ठरायची शक्यता.

कामाची रीत सांगतो. कागदाची प्रत काढायची आणि पेन्सिल घ्यायची. जिथं जिथं 'सदर', 'उक्त', 'वरील', 'नमूद' दिसेल तिथं वर बारीक अक्षरात ती नेमकी कोणती वस्तू ते लिहायचं: "८० आर", "२५ आर", "५ लाख", "२०१९ चं पत्र". जिथं लिहिताना हात थांबेल, तिथं मसुदा चुकलाय. शब्द नंतर बदलायचे, आधी हे.

---

मसुदेवाली

अण्णा, हे केलं आत्ताच. कलम ३ आणि ६ ला थांबले, तुम्ही म्हणता तसंच. पण कलम ९ ला सगळ्यात जास्त वेळ थांबले. 'सदर रक्कम' म्हणजे मुदतीत द्यायचे १५ लाख असं धरलं, तरी जप्त होणारी 'उक्त रक्कम' कोणती? संचकाराचे ५ लाख, का तोवर जेवढे पोहोचलेत तेवढे सगळे?

---

बाँड रायटर अण्णा

ते तुम्ही ठरवायचं नाही. पार्टीला विचारा. मी पुढं येतो त्यावर.

---

वडणगेकर

माझाही असाच घोळ आहे, कुणी सांगेल काय? वडिलांनी ३० वर्षांपूर्वी शेत घेतलं. खरेदीपत्रात लिहिलंय, "सदर रस्त्याने जाणेयेणेचा हक्कासह". त्या पत्रात वर दोन रस्ते आलेत. एक उत्तरेची पाणंद, ती चतुःसीमेत आहे. दुसरा विकणाऱ्याच्याच रानातून जाणारा बैलगाडीचा रस्ता, तो वर्णनात एका ओळीत आलाय. आम्ही आजवर आतल्या रस्त्यानंच जातोय. आता विकणाऱ्याचा मुलगा म्हणतो, सदर रस्ता म्हणजे पाणंद, आतला नव्हे, आणि ऊस लावून रस्ता बंद केलाय. पाणंदीनं गेलं तर पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततोय.

---

काळा कोट

@वडणगेकर तुमचं आणि ताईंचं दुखणं एकाच जातीचं, पण कायद्यात दोघांची वाट एक नाही. फरक समजून घ्या.

१८७२ च्या पुरावा कायद्यात याची दोन मजेदार उदाहरणं दिलेली होती. कलम ९३ ला असं: एकानं लेखी करार केला की घोडा "१,००० किंवा १,५०० रुपयांना" विकीन. नेमके किती ठरले होते, ते बाहेरचा पुरावा आणून दाखवता येणार नाही. संदिग्धता कागदाच्या तोंडावरच आहे. कलम ९६ ला दुसरं: "माझा पांढरा घोडा १,००० रुपयांना विकतो" असं लिहिलं आणि माणसाकडं पांढरे घोडे दोन निघाले. तिथं कोणता घोडा मनात होता हे दाखवणारा पुरावा चालतो. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, पण हे तत्त्व त्यातही आहे.

तुमच्या पत्रात रस्ते दोन आणि 'सदर रस्ता' एकाला लागू पडणारा, म्हणून तुमचा वकील प्रकरण पांढऱ्या घोड्याच्या बाजूला नेईल: इतक्या वर्षांची वहिवाट, जुने नकाशे, शेजाऱ्यांच्या साक्षी. समोरचा म्हणेल, दोन्ही रस्ते कागदातच लिहिलेत, दोष तोंडावरच दिसतोय, बाहेरचा पुरावा नको. कोण जिंकेल ते इथं बसून सांगता येत नाही. वहिवाटीवरून सुखाधिकाराचा मुद्दा वेगळा मांडता येतो, तो सोडू नका. आणि रस्ता अडवल्याचा अर्ज तहसीलदारांकडं मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली करता येतो, पण त्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ऊस कधी लावला?

---

वडणगेकर

आडसाली हाय. जुलैत लावला. खरेदीपत्र घेऊन वकिलाकडं जातो उद्याच.

---

काळा कोट

जा. आता ताईंच्या मसुद्याकडं. अण्णांशी मी सहमत आहे, एक गोष्ट सोडून. कलम ९ जसंच्या तसं राहिलं तर ते घोड्याच्या पहिल्या उदाहरणाकडं झुकतं. 'उक्त रक्कम' आणि वर चार रकमा. उद्या वाद झाला तर न्यायालयात तोंडी सांगायला जागा मिळेलच असं धरू नका. आणि सही झाल्यावर दुरुस्ती करायची तर दोन्हीकडच्यांनी मिळून चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो. एकानं सही नाकारली की विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम २६ खाली दावा. त्यातही दोघांची मिळून चूक झाली होती किंवा फसवणूक झाली होती, हे सिद्ध करावं लागतं. एकट्याचा गैरसमज पुरत नाही. टायपिस्टनं 'सदर' ऐवजी 'उक्त' घातलं एवढ्यासाठी कुणाला तिथवर जायचंय?

अण्णांशी मतभेद इथं: ते बहुधा सांगतील की 'सदर मिळकत' हे शब्द विकल्या जाणाऱ्या २५ आरला ठेवा. मी सांगीन की 'सदर' हा शब्दच व्याख्येत नको. वस्तूला नाव द्या. "संपूर्ण गट" आणि "विक्री क्षेत्र". नावाला 'सदर' लागत नाही, 'उक्त' लागत नाही, आणि कुठल्याही पानावरून वाचायला सुरुवात केली तरी अर्थ तोच राहतो.

---

बाँड रायटर अण्णा

वकीलसाहेब, बरोबर ओळखलंत, मी तेच सांगणार होतो. कारण ऐका. आमच्याकडं नवा दस्त म्हणजे जुन्या दस्ताची कलमं उचलूनच होतो. ताईंचंही तेच झालंय. त्या जुन्या कलमांत, "सदर मिळकतीचा कब्जा", "सदर मिळकतीचे कर, फाळा", "सदर मिळकतीबाबत कोणी हरकत घेतल्यास", सगळीकडं 'सदर मिळकत' म्हणजे जी विकली जातेय तीच असते. मग तोच अर्थ तिला दिला तर उचललेली कलमं आपोआप बरोबर बसतात. तुम्ही 'विक्री क्षेत्र' नाव दिलं आणि उचललेल्या एका कलमात 'सदर मिळकत' राहून गेलं, तर कागदात तिसरीच मिळकत उभी राहिली, जिची व्याख्याच नाही.

म्हणून मी मोठ्या जमिनीचं नाव बदलतो. ८० आरला "संपूर्ण गट" म्हणा आणि 'सदर मिळकत' फक्त २५ आरला ठेवा. पण व्याख्या २५ आरचं पूर्ण वर्णन झाल्यावर, चतुःसीमा लिहून झाल्यावर बांधायची. गट नंबरच्या ओळीतच बांधली की ती ८० आरला चिकटते. तुमच्या कलम १ मध्ये नेमकं तेच झालंय.

चतुःसीमा २५ आरच्या घाला हेही सांगून ठेवतो. पूर्व, पश्चिम, दक्षिण शेजारी येतील, पण उत्तरेला "याच गटातील लिहून देणार यांचे शिल्लक क्षेत्र" असं यायला पाहिजे. पुष्कळदा अख्ख्या गटाच्या चतुःसीमा तशाच उतरवतात. मग क्षेत्र एक सांगतं, सीमा दुसरंच.

---

काळा कोट

हे मात्र सोळा आणे. क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील तर साधारणपणे चतुःसीमा धरल्या जातात. म्हणजे ८० आरच्या सीमा लिहिल्या तर घेणाऱ्याच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम २१ लाही मिळकत ओळखू येईल एवढं वर्णन लागतं. पण तेवढ्यानं दुय्यम निबंधकांकडं दस्त नोंदून घेतला जाईल. आतल्या 'सदर'ची गाठ ते सोडवत नाहीत, ते त्यांचं काम नव्हे.

नावाबद्दल माझं मत कायम आहे. उचललेली कलमं तपासायचा आळस म्हणून व्याख्या वाकवायची नाही.

---

बाँड रायटर अण्णा

आळस नव्हे साहेब, दुपारी चार वाजता टोकन असतं आणि पार्टी दारात उभी असते.

---

अनुवादिनी

मी कोल्हापूर-सांगलीच्या वकिलांसाठी मराठी कागदांचं इंग्रजी करते. सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं तेव्हापासून संचकारपत्रं, वाटणीपत्रं, खरेदीपत्रं माझ्याकडं जास्त येतात, कारण उच्च न्यायालयात कामकाज इंग्रजीत. तिथली एक अडचण सांगते, मसुदा करताना कुणाच्या डोक्यात नसते.

इंग्रजीत 'सदर' आणि 'उक्त' दोन्हींना एकच शब्द पडतो. मराठीत मसुदा करणाऱ्यानं मनाशी "सदर म्हणजे गट, उक्त म्हणजे तुकडा" असं ठरवून अख्खा कागद नीट सांभाळला, तरी माझ्या हातून गेल्यावर दोन्ही एकच होतात. मी फरक राखायला गेले तर समोरचा वकील म्हणणार, मूळ कागदात नसलेलं तुम्ही घातलंत. म्हणून दोन शब्दांच्या जोडीवर दोन वस्तू तोलायच्याच नाहीत. फरक नामात पाहिजे: 'गट' आणि 'क्षेत्र', 'संचकार' आणि 'दुसरा हप्ता'. तो फरक कुठल्याही भाषेत टिकतो.

आणि @मसुदेवाली, तुमच्या कलम १२ मधलं "सदर करार" कुणाच्या नजरेत आलं नाही अजून. मसुद्यात २०१९ च्या पत्राचा उल्लेख आहे म्हणालात. तो कितव्या कलमात?

---

मसुदेवाली

११ मध्ये! कलम ११ असं आहे: "सन २०१९ मध्ये त्रयस्थ इसमास करून दिलेला करार उभयतांचे संमतीने रद्द झाला असून त्याबाबत काही वाद निघाल्यास लिहून देणार यांनी निवारण करावयाचे आहे." आणि लगेच १२: "सदर करार रद्द झाल्यास लिहून घेणार यांचा..."

---

अनुवादिनी

तेच. 'सदर'चा कल जवळच्या गोष्टीकडं असतो, आणि जवळ २०१९ चाच करार आहे. आता "लिहून घेणार" या शब्दांनी थोडं वाचवलंय, कारण २०१९ च्या करारात हे लिहून घेणार नव्हते. पण वाचणाऱ्यानं असं हुडकत का बसावं? हातात असलेल्या कागदाला 'सदर करार' म्हणायचंच नाही. "हे संचकारपत्र" म्हणा. जुन्याला "सन २०१९ चे संचकारपत्र" असं सालासकट, दर वेळी पूर्ण. लांब होतं, होऊ दे.

'उपरोक्त' आणि 'वर नमूद' सुद्धा मी असेच काढायला लावते. ते जागेवर अवलंबून असतात. कलम ८ उचलून ४ च्या जागी ठेवलं की 'वर नमूद' अट खाली जाते आणि तरी शब्द 'वर'च राहतो. त्यापेक्षा "कलम ५ मधील अट" लिहावं. अर्थात कलमांचे नंबर हलले की तेही तपासावं लागतंच, पण निदान चूक झाली तर डोळ्यांना दिसते.

---

रंकाळ्याचा वारा

म्हणजे 'उक्त' अजिबात वापरायचंच नाही? मग कायद्याची भाषा कसली राहिली ती?

---

अनुवादिनी

वापरा की. करारात एखाद्या अधिनियमाचं लांबलचक नाव एकदा घेतलं आणि पुढं "उक्त अधिनियम" म्हटलं, तर उत्तम. मी स्वतः तेवढ्यालाच ठेवते. मिळकतीला आणि रकमेला नाही.

---

रंकाळ्याचा वारा

हे पटलं. 'मजकूर' तरी काढाल ना?

---

बाँड रायटर अण्णा

'मजकूर'ची चेष्टा नको. जुन्या मोडी कागदांत "मौजे मजकूर", "साल मजकूर" पानोपान असतं, आणि तिथं ते इतकं चोख बसतं की शंका येत नाही, कारण गाव एकच आणि साल एकच. माझ्या वडिलांच्या हातच्या दस्तांत आहे. आजच्या वाचणाऱ्याला मजकूर म्हणजे लिहिलेली ओळ वाटते, म्हणून आता मी घालत नाही. "मिळकत मजकूरवर" असं लिहिणाऱ्यानं ते नुसतं रुबाबासाठी घातलंय. पण जुन्या दस्ताचा उतारा देताना 'मजकूर' बदलून 'सदर' करू नका कुणी. उतारा तो उतारा.

---

खासबाग कट्टा

एक विचारू? शोधा-बदला नको म्हणता, मग संगणकावर हे सगळं शोधायचं कसं? का पेन्सिलच?

---

मसुदेवाली

दादा, शोधायला संगणक चालतो, बदलायला नको. मी केलं ते सांगते. नुसतं 'सदर' शोधलं तर 'सदरहू', 'सदरील', 'सदरची' सगळेच सापडतात, ते बरंच आहे. पण 'सदर' ऐवजी 'उक्त' आपोआप बदललं तर 'उक्तहू' आणि 'उक्तील' तयार होतात. आणि पहिली चार पानं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात आहेत. दिसायला मराठी, पण आत वेगळीच अक्षरं, त्यामुळे तिथलं एकही 'सदर' शोधात सापडलं नाही. संगणक म्हणतो काही सापडलं नाही, आणि समोर पानावर सात-आठ दिसतायत. ती पानं पेन्सिलीनंच केली.

'सदर' नामाशिवाय एकटं कुठं आलंय तेही बघितलं. "सदरची भरपाई करून द्यावी" असं एक सापडलं. सदरची म्हणजे कशाची, काही पत्ता नाही.

सुधारलेली कलमं टाकते. साहेबांना दाखवायच्या आधी कुणी नजर घाला.

कलम १: "...एकूण क्षेत्र हे. ०.८० आर ही मिळकत लिहून देणार नं. १ व २ यांचे मालकी वहिवाटीची असून तिचा उल्लेख यापुढे 'संपूर्ण गट' असा केला आहे."

कलम २ (नवीन): "संपूर्ण गटापैकी दक्षिणेकडील क्षेत्र हे. ०.२५ आर, यांसी चतुःसीमा पूर्वेस..., पश्चिमेस..., दक्षिणेस..., उत्तरेस संपूर्ण गटापैकी लिहून देणार यांचे शिल्लक क्षेत्र, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, तिचा उल्लेख यापुढे 'सदर मिळकत' असा केला आहे."

कलम ३: "सदर मिळकत लिहून घेणार यांना कायम खुष खरेदी देण्याचे ठरले असून तिची एकूण किंमत रु. ५०,००,०००/- ठरली आहे. पैकी रु. ५,००,०००/- (यापुढे 'संचकार रक्कम') आज पोहोचली. रु. १५,००,०००/- (यापुढे 'दुसरा हप्ता') हे संचकारपत्र झालेपासून तीन महिन्यांचे आत, व बाकी रु. ३०,००,०००/- (यापुढे 'अखेरची रक्कम') खरेदीपत्राचे वेळी देणेचे आहेत."

बोज्याचं कलम: "सदर मिळकतीवर अगर संपूर्ण गटावर..." असं दोन्ही लिहिलं. भावांकडून नवा सात-बारा आला, इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे. तो खरेदीपत्रापूर्वी भरून कमी करून द्यायचा, असं वाक्य घातलं.

शेवटचं: "हे संचकारपत्र रद्द झाल्यास लिहून घेणार यांचा सदर मिळकतीवर काहीही हक्क राहणार नाही."

'विक्री क्षेत्र' नाही घेतलं, वकीलसाहेब माफ करा. उचललेली कलमं खूप आहेत.

---

काळा कोट

ठीक आहे, तुमचा कागद. पण मग एक कराच. 'सदर' हा शब्द आता अख्ख्या दस्तात 'मिळकत' याच शब्दाच्या मागे येईल, दुसऱ्या कशाच्याही नाही. "सदर रक्कम", "सदर मुदत", "सदर लिहून देणार" एकही नको. लिहून देणार दोन भाऊ आहेत, "सदर लिहून देणार" म्हटलं की एक का दोघे तेही कळत नाही. नं. १, नं. २, किंवा "लिहून देणार सर्व".

---

बाँड रायटर अण्णा

मान्य. आणि कलम ९ कुठाय ताई?

---

मसुदेवाली

तेच राहिलंय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडं फोन केला. थोरला भाऊ म्हणतो, "मुदत चुकली तर तोवर आलेले सगळे पैसे आमचे." घेणारा म्हणतो, "संचकाराचे पाच लाख जातील, बाकी परत, तसंच बोलणं झालंय." मध्यस्थ म्हणतो, "असलं काही बोलणंच झालेलं नाही."

---

अनुवादिनी

म्हणजे 'उक्त रक्कम' दोघांनी वाचली आणि दोघांनाही आपापली दिसली.

---

काळा कोट

सगळे पैसे जप्त, असं लिहिलं तरी ते सगळे मिळतीलच असं भावांनी धरू नये. संविदा अधिनियमाच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईचा प्रश्न येतो. संचकाराची गोष्ट वेगळी, हप्त्याची वेगळी. हे थोरल्याला समजावलं तर तडजोड सोपी जाईल.

---

बाँड रायटर अण्णा

त्याला समजावणं तुमच्या साहेबांवर सोडा. तुम्ही दोन वाक्यं तयार ठेवा. एक: "दुसरा हप्ता मुदतीत न दिल्यास फक्त संचकार रक्कम जप्त होईल." दुसरं: "दुसरा हप्ता अगर अखेरची रक्कम मुदतीत न दिल्यास..." आणि पुढं जे ठरेल ते, आकड्यासकट, अक्षरी. दोघांना समोर बसवून दोन्ही वाचून दाखवा आणि ज्यावर बोट ठेवतील ते टाइप करा. ठरलं नाही तर कलम ९ ची जागा मोकळी सोडून टोकन घेऊ नका.

---

मसुदेवाली

शुक्रवारी दोन्ही पार्ट्यांना ऑफिसात बोलावलंय. साहेबांना सुधारलेला मसुदा दाखवला. म्हणाले, "एवढं लांब का झालं?" आणि मग कलम ३ दोनदा वाचून गप्प झाले.

---

वडणगेकर

वकिलाकडं जाऊन आलो. ते म्हणतात सहा महिने व्हायला अजून थोडे दिवस आहेत, तहसीलला अर्ज टाकू. जुना नकाशा भूमी अभिलेखमधनं काढायला सांगितलाय. त्या नकाशात आतला रस्ता दाखवलाच नसेल तर काय, कुणी सांगा.